नंबर तुम्ही निवडायचे की मशीनने?

मागच्या महिन्यात रविवारी सकाळी माझ्या भाचीचा, सायलीचा, न्यू जर्सीहून फोन आला. तिकडे शनिवारची रात्र होती. हालहवाल विचारून झाल्यावर म्हणाली, "मामा, तुमचा नक्की वाढदिवस कधी? कागदावरचा नको, खरा सांगा." आमच्या पिढीतल्या पुष्कळांचे दोन वाढदिवस असतात, शाळेत लावलेला एक आणि आईला आठवणारा एक. मी खरा सांगितला आणि विचारलं, कशासाठी हवाय? तर ऑफिसातल्या चौघी मिळून पुढच्या सोडतीसाठी पॉवरबॉलची तिकिटं काढणार होत्या आणि सायलीच्या वाट्याला आलेल्या तिकिटावर तिला घरच्यांचे वाढदिवस टाकायचे होते. मागून जावईबापूंचा आवाज आला, "मामा, तिला सांगा, क्विक पिक घे म्हणावं. जिंकणाऱ्यांतले बहुतेक जण क्विक पिकवालेच असतात!"

दोघांनीही मला पंच केलं. मी पस्तीस वर्षं बडोद्याच्या एका शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे घरातला असा प्रत्येक वाद शेवटी माझ्याकडे येतो. त्यांना मी जे सांगितलं, तेच आज तुम्हाला जरा सविस्तर सांगतो. परदेशात मुलं-भाचरं असलेल्या आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी हा प्रश्न कधी ना कधी आलाच असेल.

आधी क्विक पिक म्हणजे काय ते पाहू. पॉवरबॉलच्या तिकिटावर १ ते ६९ मधले पाच पांढरे नंबर आणि १ ते २६ मधला एक लाल नंबर लागतो. ते तुम्ही स्लिपवर खुणा करून स्वतः निवडू शकता, किंवा दुकानदाराला नुसतं "क्विक पिक" म्हणालात, की त्याच्याकडचं मशीन सहाही नंबर स्वतः काढून तिकीट छापून देतं. इंग्लंडमध्ये याच सोयीला 'लकी डिप' म्हणतात.

आता जावईबापूंचा मुद्दा. अमेरिकेत मोठ्या बक्षिसांचे बहुतेक विजेते क्विक पिकवाले असतात, हे खरं आहे. पण तिथे विकली जाणारी बहुतेक तिकिटंच मुळात क्विक पिकची असतात. मुंबईच्या लोकलमध्ये विसरलेल्या छत्र्या मोजल्या, तर फर्स्ट क्लासपेक्षा सेकंड क्लासमध्ये कितीतरी जास्त सापडतील. म्हणून सेकंड क्लासचे लोक जास्त विसराळू ठरतात का? तिथे माणसंच जास्त असतात, एवढंच. शंभरातली पंचाहत्तर तिकिटं मशीनने काढली असतील, तर शंभरातले साधारण पंचाहत्तर विजेतेही मशीनवालेच निघणार. त्यावरून मशीनच्या हाताला यश आहे असं काही सिद्ध होत नाही.

आणि यश असणार तरी कसं? दुकानातलं ते मशीन आणि सोडतीच्या वेळी नंबरांचे चेंडू घुसळणारं भांडं, यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. पॉवरबॉलमध्ये नंबरांच्या एकूण २९ कोटी २२ लाखांहून थोड्या जास्त जोडण्या होतात. (सहा नंबरांच्या पूर्ण संचाला मी जोडणी म्हणतो आहे.) त्यातली एक लागते. तुमची जोडणी आजीच्या वाढदिवसावरून आली, की मशीनमधून, की स्वप्नातून, हे चेंडूंना ठाऊक नसतं. प्रत्येक जोडणीची संधी २९ कोटीत एक, तंतोतंत सारखी. गेल्या सहा महिन्यांत न आलेला नंबर "आता यायलाच हवा" असंही नसतं, कारण चेंडूंना मागची सोडत आठवत नाही.

म्हणजे जिंकण्याच्या संधीपुरता वाद इथेच मिटला. सायली म्हणाली, "मग मी वाढदिवसच टाकते." मी म्हटलं, थांब. जिंकण्याची संधी सारखी असली, तरी जिंकल्यावर हातात येणारी रक्कम सारखी नसते. पॉवरबॉलचा जॅकपॉट ज्यांची ज्यांची जोडणी जुळली, त्या सगळ्यांत वाटून दिला जातो. त्यामुळे तू निवडलेली जोडणी आणखी किती जणांनी निवडली आहे, याला महत्त्व येतं. हे नीट कळावं म्हणून मी तिला इंग्लंडची एक गोष्ट सांगितली.

ब्रिटनची नॅशनल लॉटरी १९९४ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. तेव्हा १ ते ४९ मधून सहा नंबर निवडायचे असत. त्याच्या एकूण जोडण्या १,३९,८३,८१६, म्हणजे सुमारे १ कोटी ४० लाख. सुरू होऊन दोनच महिने झाले होते. १४ जानेवारी १९९५ च्या सोडतीत नंबर आले ७, १७, २३, ३२, ३८ आणि ४२. जॅकपॉट होता सुमारे १ कोटी ६३ लाख पौंडांचा. त्या खेपेला विकली गेलेली तिकिटं होती साधारण ७ कोटी. सात कोटी तिकिटं १ कोटी ४० लाख जोडण्यांवर सारखी पसरली, तर एकेका जोडणीवर पाच जण येतात. म्हणजे पाचेक विजेते निघाले असते, तर कुणालाच नवल वाटलं नसतं.

निघाले १३३. प्रत्येकाच्या वाट्याला आले १,२२,५१० पौंड. रक्कम लहान नाही, पण सहाच्या सहा नंबर जुळल्याचं पाहून ज्यांनी त्या शनिवारी रात्री कोट्यधीश झाल्याचा जल्लोष केला असेल, त्यांची सकाळ कशी गेली असेल याची कल्पना करा.

घोटाळा काही नव्हता. लकी डिप तेव्हा सुरूच झालं नव्हतं, ते १९९६ मध्ये आलं. म्हणजे त्या सोडतीतलं एकूण एक तिकीट माणसाने स्वतः खुणा करून भरलेलं होतं, आणि माणसं नंबर निवडताना एकमेकांसारखी वागतात. ते सहा नंबर पुन्हा वाचा. ७ आणि १७ दोन्ही आहेत, आणि सात हा जगात पुष्कळांचा लाडका आकडा. शिवाय दोन नंबर कुठेही शेजारी-शेजारी नाहीत. पहिल्या दहांतला एक, दुसऱ्या दहांतला एक, विशीतला एक, तिशीतले दोन, चाळिशीतला एक, असे ते छान पसरलेले आहेत. स्लिपवर तर हे सहाही नंबर कडांना न जाता मधल्या भागात येत होते. "मी आपले कसेही टाकले" असं म्हणणारा माणूस बहुधा असेच टाकतो. पेन घेऊन मध्ये सुरुवात करतो, एक खूण इथे, मग जरा दूर दुसरी, मग आणखी दूर तिसरी. शेजारची दोन घरं भरायला त्याचा हात धजत नाही, कारण ते त्याला 'नशिबासारखं' दिसत नाही.

खरं नशीब मात्र शेजारघरं टाळत नाही. ४९ मधून सहा नंबर काढले, तर त्यात निदान दोन लागोपाठचे असण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असते. वर्गात मी हा प्रयोग अनेकदा केला आहे. मुलांना सहा नंबर मनाने लिहायला सांगायचे आणि मग डब्यातून चिठ्ठ्या काढायच्या. चिठ्ठ्यांमध्ये १४-१५ सारख्या जोड्या वारंवार यायच्या, मुलांच्या वह्यांत क्वचित. दर वर्षी एखादा तरी म्हणायचा, "सर, चिठ्ठ्या नीट हलवल्या नाहीत!"

आता वाढदिवसांकडे वळू. महिन्यात दिवस जास्तीत जास्त ३१. त्यामुळे तारखांवरून खेळणारे सगळे १ ते ३१ या नंबरांतच गर्दी करतात. पॉवरबॉलमध्ये पाच पांढऱ्या नंबरांच्या १ कोटी १२ लाख जोडण्या होतात. त्यातल्या पाचही नंबर ३१ किंवा त्याखालचे असलेल्या जोडण्या फक्त १ लाख ६९ हजार ९११, म्हणजे शंभरातल्या दीड. जगभरातले आजी-आजोबा, नातवंडं, लग्नाचे वाढदिवस सगळे त्या दीड टक्का जागेत दाटीने बसलेले असतात. सायली मला तिथेच बसवायला निघाली होती.

याने नुकसान किती होतं ते एका छोट्या हिशेबाने पाहू. समजा, तुमच्या सोसायटीत एक सोडत आहे. तिकीट १०० रुपयांचं, १ ते १०० मधला एक नंबर निवडायचा, बक्षीस १०,००० रुपये. एकच नंबर अनेकांनी घेतलेला चालतो, पण मग बक्षीस वाटून मिळणार. कुणाचाच नंबर नसेल तर पैसे सोसायटीकडे. शंभर जणांनी आधीच नंबर लिहिले आहेत. त्यातल्या ६२ जणांनी तारखांवरून निवडले, म्हणून १ ते ३१ मधल्या प्रत्येक नंबरावर दोन-दोन जण बसले. उरलेल्या ३८ जणांनी ३२ ते १०० मधले वेगवेगळे ३८ नंबर घेतले. म्हणजे वरचे ३१ नंबर अजून रिकामे आहेत. आता १०१ वे तुम्ही आलात. कोणी काय निवडलंय, हे तुम्हाला दिसत नाही.

तुम्ही वाढदिवस टाकलात, तर त्या नंबरावर आधीच दोघे आहेत. जिंकलात तर वाटणी तिघांत, हातात ३,३३३ रुपये. तुम्ही ३१ च्या वरचा कुठलाही नंबर घेतलात, तर कधी तिथे एक जण असेल आणि ५,००० मिळतील, कधी कुणीच नसेल आणि पूर्ण १०,००० मिळतील. ६९ नंबरांची सरासरी काढली की ७,२४६ रुपये येते. आणि मशीनला निवडू दिलंत, तर ते १ ते १०० मधला कुठलाही देईल, कधी गर्दीतला, कधी मोकळा. त्याची सरासरी ६,०३३ रुपये. तिन्ही वेळा जिंकण्याची संधी मात्र शंभरात एकच.

क्विक पिकचा खरा फायदा एवढाच आहे. ते तुम्हाला गर्दीच्या गल्लीत जाणूनबुजून नेत नाही. कधी नशिबाने नेतं, पण बहुतेक वेळा नेत नाही. वाढदिवसांपेक्षा ते निश्चित बरं. आणि विचारपूर्वक गर्दी टाळून स्वतः निवडलेले नंबर मशीनपेक्षाही थोडे सरस ठरू शकतात, कारण मशीन गर्दी बघून निवडत नाही, तुम्ही बघू शकता.

पण "गर्दी टाळायची" म्हणताच माणूस हुशारी करायला जातो आणि नव्या गर्दीत सापडतो. १, २, ३, ४, ५, ६ हे नंबर कोण टाकणार, असं वाटून हजारो लोक तेच टाकतात. फिलिपिन्समध्ये १ ऑक्टोबर २०२२ ला ५५ मधून सहा नंबरांच्या सोडतीत ९, १८, २७, ३६, ४५, ५४ आले. सरळ नऊचा पाढा! विजेते निघाले ४३३. जॅकपॉट २३ कोटी ६० लाख पेसोंचा होता, एकेकाला मिळाले साधारण साडेपाच लाख पेसो. नऊच्या पाढ्याची संधी दुसऱ्या कुठल्याही जोडणीइतकीच होती, त्यामुळे तो येणं हा चमत्कार नव्हे. पण तो पाढा शेकडो लोकांच्या डोक्यात एकाच वेळी होता.

दुसरी गंमत पॉवरबॉलचीच आहे. ३० मार्च २००५ च्या सोडतीत दुसरं बक्षीस ११० जणांना लागलं. दुसरं बक्षीस म्हणजे पाचही पांढरे नंबर बरोबर, लाल चुकलेला. एरवी असे चार-पाच जण निघायचे. लॉटरीवाल्यांना आधी फसवणुकीचा संशय आला. चौकशीत कळलं, की चिनी हॉटेलांत जेवणानंतर देतात त्या फॉर्च्यून कुकीतल्या चिठ्ठीवर हे नंबर छापलेले होते. न्यूयॉर्कच्या एका कारखान्यात बनलेल्या त्या चिठ्ठ्या अमेरिकाभर गेल्या होत्या. २२, २८, ३२, ३३, ३९ हे पाच नंबर. बघा, तीन नंबर ३१ च्या वर आहेत, एक जोडी लागोपाठची आहे. माझ्या हिशेबाने अगदी 'मोकळे' नंबर! तरी गर्दी झाली, कारण ते छापील होते. ज्योतिषाच्या सदरातला शुभ अंक, सिनेमातला नंबर, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा 'आजचा लकी नंबर', हे सगळं याच जातीचं.

या ११० जणांचं नशीब मात्र इंग्लंडमधल्या १३३ जणांपेक्षा बरं होतं. पॉवरबॉलमध्ये जॅकपॉट वाटला जातो, पण खालची बक्षिसं बहुतेक राज्यांत ठरलेल्या रकमेची असतात. त्यामुळे त्यांतल्या ८९ जणांना प्रत्येकी पूर्ण १ लाख डॉलर मिळाले, आणि जादा पैसे भरून रक्कम वाढवण्याचा पर्याय घेतलेल्या २१ जणांना ५ लाख. नुकसान झालं ते लॉटरीचं. म्हणून नंबर निवडण्याआधी तिकिटामागचा नियम वाचावा. बक्षीस 'वाटून' आहे की 'ठरलेलं'? ठरलेलं असेल, तर वाढदिवस टाका नाहीतर मशीन वापरा, काडीचाही फरक पडत नाही.

आपल्याकडच्या वाचकांना इथे सांगायला हवं, की केरळ किंवा महाराष्ट्राच्या राज्य लॉटरीच्या कागदी तिकिटांना हा प्रश्न लागूच होत नाही. तिथे नंबर आधीच छापलेला असतो आणि पहिलं बक्षीस ठरावीक मालिकेतल्या एकाच तिकिटाला जातं. स्टॉलवर उभं राहून शेवटी ७ असलेलं तिकीट शोधणाऱ्याला संधी जास्त नाही, वाटेकरीही नाहीत, फक्त मागच्या माणसाचा खोळंबा. आणि हे वाचून कुणाला इथून वेबसाइटवर परदेशी लॉटरी घ्यावीशी वाटली, तर लक्षात ठेवा, लॉटरीच्या तिकिटासाठी भारतातून बाहेर पैसे पाठवायला परकीय चलनाच्या नियमांनुसार बंदी आहे.

वाटेकऱ्यांची भीती किती बाळगायची, हे किती तिकिटं विकली गेली त्यावर असतं. साध्या आठवड्यात पॉवरबॉलची तिकिटं २९ कोटी जोडण्यांच्या मानाने इतकी थोडी असतात, की जिंकणारा बहुधा एकटाच असतो. जॅकपॉट फुगला की मात्र सगळा देश रांगेत उभा राहतो. १३ जानेवारी २०१६ ला जॅकपॉट १५८ कोटी डॉलरच्या पुढे गेला होता आणि ६० कोटींहून अधिक तिकिटं खपली. साठ भागिले एकोणतीस, म्हणजे दोनेक विजेते अपेक्षित. निघाले तीन. इंग्लंडमध्ये अपेक्षा पाचांची आणि आले १३३, इथे अपेक्षा दोनांची आणि आले तीन. बहुसंख्य तिकिटं मशीनने काढलेली असली, की लोक असे जोडण्यांवर सारखे पसरतात आणि एखाद्याच जोडणीवर झुंबड उडण्याची शक्यता कमी होते.

एक गोष्ट मात्र हिशेबात येत नाही, ती मी सायलीला मुद्दाम सांगितली. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ पूर्वी, आपल्याकडे दुकानांतून सहा नंबरांची ऑनलाइन लॉटरी चालायची तेव्हा, मुलांच्या जन्मतारखा टाकून दर आठवड्याला खेळायचे. चार वर्षं तेच सहा नंबर. सोडायची इच्छा त्यांना केव्हाच झाली होती, पण सोडता येईना. "ज्या आठवड्यात तिकीट काढणार नाही, नेमके त्याच आठवड्यात माझ्या पोरांचे नंबर आले तर?" या एका धास्तीने ते तापात सुद्धा दुकानापर्यंत जायचे. मशीनने दिलेल्या नंबरांशी असं नातं जडत नाही. पुढच्या आठवड्यात ते आठवतही नाहीत. माझ्या मते क्विक पिकची सगळ्यात मोठी बाजू हीच, वाटणीचा फायदा त्यानंतर.

आणि वाटणीच्या फायद्यालाही मर्यादा आहे. वरच्या सोसायटीच्या सोडतीत शंभरात एक संधी धरली, तर वाढदिवसवाल्या तिकिटाची खरी किंमत ३३ रुपये पडते, मशीनच्या तिकिटाची ६० आणि गर्दी टाळलेल्याची ७२. तिकीट मात्र तिघांनीही १०० रुपयांनाच घेतलं आहे. पॉवरबॉलमध्येही तिकिटांच्या विक्रीतला साधारण निम्माच पैसा बक्षिसांत येतो. चांगले नंबर निवडून तोटा थोडा कमी होतो, नफा होत नाही.

"म्हणजे मामा, काय टाकू?" सायलीने शेवटी वैतागून विचारलं. मी म्हटलं, दोन डॉलरचं तिकीट आहे, मशीनला काढू दे, आणि माझा वाढदिवस केक कापायला ठेव.

सोमवारच्या सोडतीआधी तिने तिकिटाचा फोटो पाठवला. पांढरे नंबर होते ८, १९, २०, ४७, ६३. खाली लिहिलं होतं, "मामा, १९ आणि २० शेजारी-शेजारी आलेत. मशीन बिघडलंय का? बदलून घेऊ?" मी हिशेब करून कळवलं, की ६९ मधून पाच काढताना चारांतून एकदा तरी अशी जोडी येतेच, राहू दे. लागलं काहीच नाही. चौघींनी आठ डॉलर घालवले आणि जावईबापू अजूनही म्हणतात, की पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानातलं मशीन वापरायला हवं.